गोल फिल्टरसाठी वाळू-खडी नेमकी किती लागते? मापापासून भरणीपर्यंत

छपराचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडण्याआधी सिमेंटच्या रिंगांचा फिल्टर बांधायचा ठरला की बहुतेक जण गवंड्याला विचारतात, "वाळू किती सांगू?" तो रिंगांकडे बघून म्हणतो, "अर्धा ब्रास टाका." मग निम्मी वाळू अंगणात पडून राहते. किंवा उलट होतं: हिशेब कागदावर बरोबर असतो, पण चाळून-धुऊन झाल्यावर वाळू खुणेच्या खाली वीतभर कमी पडते आणि पाऊस दारात आलेला असतो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. टाकीत बसणारं घनफळ आणि दुकानदाराकडून घ्यायचं घनफळ हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला भूमितीतून येतो, दुसरा बादलीतून. या लेखात दोन्ही त्याच क्रमाने काढू. उदाहरण म्हणून बाजारात 'तीन फुटी' म्हणून मिळणाऱ्या रिंगांच्या चार थरांचा फिल्टर घेतला आहे. पत्र्याची टाकी किंवा प्लास्टिकचा ड्रम असेल तरी पायऱ्या याच.

## आधी जमवायच्या वस्तू

स्टीलची टेप, खडू किंवा ऑइल पेंट, दोरी, सरळ कडेची पट्टी, एक लिटरची बाटली, एक बादली, वाळूच्या दोन चाळण्या आणि किलोत तोलणारा काटा. काट्याशिवायही काम होतं, पण फिल्टरची वाळू पोत्यात घ्यायची असेल तर तो लागतोच.

बादलीवर विकत घेतानाच '१५ लिटर' छापलेलं असतं. ते काठोकाठचं माप असतं आणि कधी कधी तेही खरं नसतं. म्हणून बाटलीने एकेक लिटर पाणी ओतत जा आणि प्रत्येक लिटरला आतून खूण करा. बादली खाली निमुळती असल्यामुळे खुणांमधलं अंतर सारखं येणार नाही, आणि म्हणूनच उंची मोजून भागाकार करायचा नाही.

घमेलं हे माप म्हणून वापरू नका. शीग लावून भरलेलं आणि सपाट भरलेलं घमेलं यांत मोठा फरक पडतो, आणि दिवस कलला की मजुराची शीग उतरत जाते.

## पायरी १ : आतला व्यास मोजा

रिंगेची जाडी सहसा दोन इंचांच्या आसपास असते. बाहेरून टेप लावली तर १०० सेमी भरते, आतून ९० सेमी. फरक दहाच सेंटिमीटरचा दिसतो, पण घनफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून उत्तर सुमारे २३ टक्के फुगतं. वाळू आतच बसणार आहे, तेव्हा मापही आतलंच घ्यायचं.

रिंगा क्वचितच पूर्ण गोल असतात. एक माप घ्या, मग त्याला काटकोनात दुसरं घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा. टेप मध्यबिंदूतून गेली पाहिजे. ती जरा बाजूने गेली की माप कमी येतं. म्हणून टेपेचं एक टोक भिंतीला धरून ठेवा आणि दुसरं टोक समोरच्या भिंतीवर डावी-उजवीकडे सरकवा. जे सर्वांत मोठं वाचन येईल तो व्यास.

हात आत पोचत नसेल तर आतल्या बाजूने दोरी फिरवून परीघ घ्या आणि त्याला ३.१४ ने भागा.

तपासणी : चारही रिंगा मोजल्या का? एकाच साच्यातल्या नसतील तर एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. व्यासात दोन सेंटिमीटरची चूक म्हणजे घनफळात साधारण साडेचार टक्क्यांची.

## पायरी २ : एका सेंटिमीटरला किती लिटर, ते काढा

शाळेतलं सूत्र पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. चूक होते ती त्रिज्येत. टेपेवर ९० वाचतो आणि सूत्रात ९० च टाकतो. असं झालं की उत्तर थेट चौपट येतं. त्यामुळे त्रिज्येच्या वाटेलाच जाऊ नये, हे माझं मत. व्यासच वापरा:

```
१ सेमी थराला लागणारे लिटर = व्यास × व्यास × ०.७८५४ ÷ १०००
(व्यास सेंटिमीटरमध्ये)
```

आपल्या उदाहरणात ९० × ९० = ८१००. त्याला ०.७८५४ ने गुणून हजाराने भागलं की ६.३६ येतात. म्हणजे या फिल्टरमध्ये कुठलाही माल एक सेंटिमीटर चढवायचा तर ६.३६ लिटर लागतो. हा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब तोंडी होतो, आणि मधेच थराची जाडी बदलावी लागली तरी कागद पुन्हा उघडायची गरज पडत नाही.

नेहमी लागणारे आकडे असे:

| आतला व्यास (सेमी) | प्रत्येक सेमीला लिटर |
|---|---|
| ४५ | १.५९ |
| ५७ (साधारण २०० लिटरचा ड्रम) | २.५५ |
| ६० | २.८३ |
| ७५ | ४.४२ |
| ९० | ६.३६ |
| १०० | ७.८५ |
| १२० | ११.३१ |

सावध : व्यास फुटात, खोली इंचात आणि उत्तर लिटरमध्ये, अशी खिचडी करू नका. सगळं सेंटिमीटरमध्ये मोजा. फूट आणि ब्रास शेवटी, मागणी नोंदवताना आणायचे.

## पायरी ३ : खोली थरांत वाटा

चार रिंगांची आतली उंची १२० सेमी. सगळीच भरायची नसते. वरचे ३० सेमी मोकळे ठेवावे लागतात, कारण जोराचा पाऊस आला की पाणी काही काळ वाळूवर साचतं आणि त्याच्या वजनानेच खाली उतरतं. ही मोकळी जागा वजा करायची राहिली तर या उदाहरणात १९० लिटर माल जास्त आणला जातो.

उरलेल्या ९० सेमीची वाटणी तळाकडून वर अशी:

| थर | माल | जाडी | लिटर |
|---|---|---|---|
| सर्वांत खाली | २० ते ४० मिमी खडी | २० सेमी | १२७ |
| त्यावर | १० ते २० मिमी खडी | १० सेमी | ६४ |
| त्यावर | २.५ ते १० मिमी कच | १० सेमी | ६४ |
| वर | ०.६ ते २.५ मिमी जाड वाळू | ५० सेमी | ३१८ |

एकूण ५७३ लिटर, म्हणजे वीस घनफुटांच्या थोडं वर. पाचवा हिस्सा ब्रास.

मधले दोन पातळ थर पाहून "हे कशाला, खाली खडी वर वाळू पुरे" असं म्हणणारे भेटतात. त्याची किंमत घनफळात मोजावी लागते. मोठ्या खडीवर थेट वाळू टाकली तर ती खडीच्या फटींत उतरत जाते. तुम्ही ३१८ लिटर ओतता आणि थर मात्र ५० सेमी भरत नाही. पुढे हीच वाळू पाण्याबरोबर बाहेरही पडते. हे टाळण्याचा ढोबळ नियम असा की खालच्या थरातला सर्वांत लहान खडा हा वरच्या थरातल्या सर्वांत लहान कणाच्या चौपटीच्या आसपासच असावा. वाळू ०.६ पासून, म्हणून कच २.५ पासून, कच २.५ पासून, म्हणून पुढची खडी १० पासून. असं केलं की थरांची घनफळं सरळ बेरजेने धरता येतात.

तळातल्या भोकांच्या पाइपची जागा वजा करायची का, हा प्रश्न हमखास येतो. चार इंची पाइपचा ८५ सेमी तुकडा साधारण आठ लिटर जागा अडवतो. १२७ लिटरच्या थरात त्याच्यासाठी डोकं शिणवू नका.

## पायरी ४ : माल मागवण्याआधी पाणी भरून बघा

ही पायरी सगळे गाळतात, आणि सर्वांत जास्त चुका पकडते तीच. बाहेर जाणारा पाइप बंद करा. खुणा केलेल्या बादलीने मोजून पाणी ओता. तळापासून २० सेमीला १२७ लिटर लागले पाहिजेत, म्हणजे १५ लिटरच्या साडेआठ बादल्या. नऊ-साडेनऊ लागल्या तर व्यास चुकीचा मोजला आहे किंवा तळाला खड्डा आहे. सात-आठमध्येच पाणी खुणेवर आलं तर तळाचं काँक्रीट मध्ये फुगलेलं आहे.

तळ सपाट नसेल तर सूत्र तळाच्या थराला लागूच पडत नाही. बादल्यांचा आकडा तिथे खरा मानायचा. तळ वाटीसारखा गोल असलेल्या लोखंडी किंवा फायबरच्या टाकीलाही हेच लागू आहे: वाटीच्या भागाचं घनफळ पाण्याने मोजा आणि सूत्र फक्त सरळ भिंतीच्या भागाला लावा. निमुळत्या ड्रमला तर प्रत्येक थर पाण्यानेच मोजलेला बरा.

पाणी रात्रभर तसंच ठेवा. रिंगांचे सांधे गळत असतील तर आत्ताच कळेल. वाळू भरल्यावर ते कळून उपयोग नसतो.

पाणी काढल्यावर आतल्या भिंतीवर तळापासून २०, ३०, ४० आणि ९० सेमीला पूर्ण गोलाकार रेषा मारा. एका बाजूलाच खूण केली तर थर तिरपा भरला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

## पायरी ५ : वाळूची बादली-परीक्षा

आता दुसरा आकडा. फिल्टरमध्ये ३१८ लिटर वाळू हवी आहे ती चाळलेली, धुतलेली आणि पाण्यात बसलेली. तुम्हाला मिळणार ती ओलसर, सैल आणि मिसळ. दोन्हींत तीन ठिकाणी तूट येते.

पहिली तूट फुगवट्याची. थोड्या ओलाव्याने वाळूच्या कणांवर पाण्याचं आवरण बसतं, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग फुगतो. बारीक वाळूत हा फुगवटा २५ टक्क्यांच्याही वर जातो. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण बुडालेली वाळू फुगत नाही. दुसरी तूट चाळण्याची: बांधकामाच्या वाळूत ०.६ मिमीपेक्षा बारीक माल भरपूर असतो आणि तो आपल्याला चालत नाही. तिसरी धुण्याची, म्हणजे माती आणि गाळ.

या तिन्हींसाठी वेगवेगळे टक्के धरून बेरीज करण्यात अर्थ नाही. ज्या ढिगातून वाळू घ्यायची आहे त्यातून एकच चाचणी करा:

१. ढिगाच्या वरून, मधून आणि तळाकडून मूठमूठ घेत १५ लिटर भरा. दाबू नका, गाडीत जशी सैल असेल तशीच.
२. ताडपत्रीवर पसरून वाळवा. ओली वाळू बारीक चाळणीतून उतरतच नाही.
३. आधी जाड चाळणी, मग बारीक. मधलं तेवढं आपलं.
४. वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. हात फिरवून पाच सेकंद थांबा आणि मग पाणी ओता, नाहीतर चांगली वाळूही वाहून जाते.
५. खुणांच्या बादलीत थोडं पाणी घेऊन त्यात ही वाळू सोडा, बादलीला थापट्या द्या आणि बसलेली पातळी वाचा.

समजा साडेसात लिटर भरली. ७.५ भागिले १५ म्हणजे ०.५. या ढिगातली निम्मीच वाळू कामाला येणार. आता भागाकार करायचा: ३१८ ÷ ०.५ = ६३६ लिटर.

सावध : "निम्मी वाया जाते तर पन्नास टक्के जास्त घेऊ" हा हिशेब चुकीचा आहे. ३१८ च्या दीडपट ४७७ होतात. त्यातून बसणार २३८ लिटर आणि थर साडेसदतीस सेंटिमीटरवरच थांबणार. तुटीच्या हिशेबात नेहमी भागायचं असतं.

जाड चाळणीवर उरलेला माल टाकून देऊ नका. २.५ मिमीच्या वरचा तो स्वच्छ असेल तर कचेच्या थरात चालतो, आणि तेवढी कच कमी घ्यावी लागते.

खडीला ही परीक्षा लागत नाही. खडी ओलीने फुगत नाही आणि धुण्यात फक्त दगडाची भुकटी जाते. दहा टक्के जास्त घेतली की झालं: १४०, ७० आणि ७० लिटर. काळ्या दगडाची खडी उत्तम. कोकणात हाताशी आहे म्हणून जांभ्याचे तुकडे टाकतात. ते पाण्यात झिजतात आणि लाल रंग सोडतात. किनाऱ्यावरची वाळूही नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शंका असेल तर वाळूवर लिंबू पिळा, फेस आला तर चुना आहे.

## पायरी ६ : लिटरचे ब्रास किंवा पोती करा

एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर आणि १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ६३६ लिटर म्हणजे साडेबावीस घनफूट. पुढच्या काही वर्षांत वरचा थर खरवडून नवी वाळू घालावी लागते, त्यासाठी १० सेमीची, म्हणजे ६४ लिटर तयार वाळू आत्ताच जादा धरा. बादली-परीक्षेच्या हिशेबाने ती १२८ लिटर कच्ची वाळू होते. एकूण ७६४ लिटर, सत्तावीस घनफूट. मागणी ३० घनफुटांची द्या.

गाडी आली की उतरवण्याआधी हौद्यातला माल सपाट करायला लावा आणि लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा. पाच बाय चार बाय दीड म्हणजे तीस घनफूट. जमिनीवरच्या ढिगाचं माप कुणालाच नीट घेता येत नाही. वाळूची परवान्याची पावती मागून ठेवा.

चाळून, धुऊन पोत्यांत भरलेली फिल्टरची वाळू घेत असाल तर गणित वजनाचं होतं. इथे एक पुस्तकी चूक फार होते: वाळूची घनता २.६५ धरली जाते. ती एकेका कणाची, म्हणजे भरीव गारेची घनता आहे. आपल्याला पोकळ्यांसकट वजन हवं. खुणेच्या बादलीत दहा लिटर कोरडी वाळू थापट्या देऊन भरा, तोला आणि दहाने भागा. साधारण दीड ते १.६ किलो दर लिटरला भरतं. १.५५ धरलं तर ३१८ लिटर म्हणजे ४९३ किलो, पन्नास किलोची दहा पोती. जादाच्या वाळूसाठी आणखी दोन. २.६५ धरणाऱ्याने सतरा मागवली असती.

याच्या उलट चूकही होते. "वाळूत चाळीस टक्के पोकळी असते, म्हणून साठ टक्केच लागेल," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. टाकीतल्या मापात पोकळी धरली आहे तशी दुकानदाराच्या मापातही धरलेलीच असते.

तपासणी : मालाचं वजनच जवळपास नऊशे किलो होतं, वर फटींतलं आणि साचलेलं पाणी. असा फिल्टर जमिनीवर, काँक्रीटच्या पायावरच ठेवावा, गच्चीवर नाही.

## पायरी ७ : भरणी, खुणेपर्यंत

प्रत्येक थर घालण्याआधी धुवायचा. सगळं घालून मग वरून पाणी सोडून धुऊ म्हटलं तर वरची माती खालच्या फटींत जाऊन बसते.

सर्वांत मोठी खडी पाइपच्या भोवती हाताने रचा. घमेल्याने वरून ओतली तर पाइप फुटतो किंवा सरकतो. प्रत्येक थर पट्टीने सपाट करून रेषेशी जुळवा आणि किती बादल्या गेल्या ते लिहा. १० ते २० मिमीच्या थराला ६४ लिटरच्या जागी ७५ लागले तर खडी खालच्या थरात शिरते आहे. पुढचा थर घालण्याआधी खडीचं माप तपासा.

वाळूची वेळ आली की बाहेर जाणाऱ्या पाइपमधून उलटं पाणी सोडा आणि पातळी कचेच्या वर चार बोटं आणा. खालून चढणारं पाणी फटींतली हवा बाहेर ढकलतं. मग वाळू त्या पाण्यात सोडत जा आणि पातळी वाळूच्या थोडी वरच ठेवत चला. कोरडी वाळू ओतून नंतर पाणी घातलं तर हवेचे कप्पे राहतात आणि दोन पावसांत पृष्ठभाग खचतो. भिंतीलगतची वाळू लाकडी काठीने हलकेच ठोसा. गुळगुळीत भिंत आणि वाळू यांच्यामधून पाणी न गाळताच निसटतं, आणि वरून काही दिसत नाही.

९० सेमीच्या रेषेपर्यंत आलात की थांबा. पाणी काढून टाका, पुन्हा भरा, पुन्हा काढा. दुसऱ्या दिवशी पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरलेली असेल. तेवढी वाळू, सेंटिमीटरला ६.३६ लिटरच्या हिशेबाने, वर घाला. पाच-सहा सेंटिमीटरच्या वर खचली असेल तर वाळू टाकून झाकू नका. बाहेर येणारं पाणी पांढऱ्या भांड्यात धरा. तळाला वाळूचे कण दिसले तर थरांचं माप चुकलं आहे आणि वाळू काढून कच बदलावी लागेल.

पाणी जिथे पडतं तिथे वाळूवर एक सपाट फरशी ठेवा, नाहीतर पहिल्याच सरीत खड्डा पडतो. हा फिल्टर गाळ आणि कचरा अडवतो, जंतू मारत नाही. पाणी पिण्यासाठी घ्यायचं तर उकळणं किंवा क्लोरीन वेगळं करावं लागतं.

## पहिल्या पावसाळ्यानंतर

वाळूवर पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ साचायला लागलं की वरचे तीन ते पाच सेंटिमीटर खरवडून काढा. दरवेळी नवी घालायची गरज नसते. भिंतीवरची रेषा आणि वाळू यांच्यातलं अंतर मोजा. ते १० सेमी झालं की राखून ठेवलेली ६४ लिटर वाळू एकदम घाला. ती पोत्यात भरताना आत चिठ्ठी टाका: कुठल्या ढिगातली, कुठल्या चाळण्यांमधली, किती लिटर.